सहायक शिक्षिका, कारखान्याच्या दारात

बाईंचा रेझ्युमे अडीच पानांचा होता, आणि त्यांनी आयुष्यात दिलेलं सगळ्यात कामाचं ट्रेनिंग त्यात कुठेच नव्हतं.

बाई माझ्या पत्नीच्या शाळेतल्या. बी.एस्सी., बी.एड., नाशिकच्या एका खासगी अनुदानित शाळेत अकरा वर्षं आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षं ट्रेनिंग खात्यात काढलेली, त्यामुळे माणसं निवडायच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायची सवय. एका रविवारी बाई प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तो रेझ्युमे घेऊन आल्या. सोबत एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची जाहिरात. "सर, तेवढं इंग्रजी बघून द्या. व्याकरणाच्या चुका नकोत."

व्याकरणाची चूक एकही नव्हती. सुरुवातीला आव्हानात्मक वातावरणात संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीसाठी काम करण्याची इच्छा, मग जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, दहावीपासूनचे टक्के तक्त्यात, मग अनुभव, मग छंद, आणि शेवटी वरील माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र, खाली सही. लग्नाचा बायोडेटा आणि सरकारी अर्ज यांचं ते अपत्य होतं. अनुभवाखाली सहा ओळी: गणित व विज्ञान शिकवले, वर्गशिक्षिका, परीक्षा विभाग, स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन, पालक सभा.

हा पहिला मसुदा. दुसरा त्यांच्या भाच्याने करून दिला होता, तोही फोल्डरमध्ये होता. त्यात वर्ग सांभाळण्याचं 'पीपल मॅनेजमेंट' झालं होतं, पालक सभेचं 'स्टेकहोल्डर एंगेजमेंट', स्नेहसंमेलनाचं 'एंड टू एंड इव्हेंट एक्झिक्युशन'. मुलांना एके ठिकाणी चक्क 'क्लायंट' म्हटलं होतं. शाळेतून कंपनीकडे निघालेल्या बहुतेक शिक्षकांचे रेझ्युमे या दोनपैकी एका रूपात माझ्यासमोर यायचे. पहिल्यात शाळेचं शाळेतच राहिलेलं असतं. दुसऱ्यात शाळेच्या अंगावर कोट चढवलेला असतो, आणि तो कोट भाड्याचा आहे हे मुलाखतीच्या तिसऱ्या मिनिटाला कळतं. 'पीपल मॅनेजमेंट' वाचून समोरचा विचारतो, "किती जण तुम्हाला रिपोर्ट करायचे? त्यांचं अप्रेजल तुम्ही करायचात का?" अठ्ठेचाळीस मुलांच्या वर्गाबद्दल बोलणाऱ्या माणसाकडे याला उत्तर नसतं.

मी दोन्ही मसुदे बाजूला ठेवले आणि जाहिरात हातात घेतली.

कॉर्पोरेट ट्रेनिंग म्हटलं की शिक्षकांच्या डोळ्यांपुढे वातानुकूलित हॉल, पडद्यावर स्लाइड आणि संवादकौशल्यावर बोलणारा टायवाला माणूस येतो. तशी कामं आहेत, पण कॉर्पोरेट ट्रेनिंग म्हणजे तेवढंच नव्हे. कॉल सेंटरमध्ये नव्या मुलांना कंपनीची कामाची पद्धत शिकवणारा प्रोसेस ट्रेनर वेगळा. समोर उभं न राहता कोर्सचा आराखडा आणि मजकूर लिहिणारा इन्स्ट्रक्शनल डिझायनर वेगळा. हजेरी, हॉल, बॅचेस, नावनोंदणी बघणारा ट्रेनिंग कोऑर्डिनेटर आणखी वेगळा. चौघांना एकच रेझ्युमे पाठवणं म्हणजे आठवीची प्रश्नपत्रिका दहावीला देण्यासारखं आहे.

बाईंच्या हातातली जाहिरात होती 'दोजो ट्रेनर'ची. दोजो हा जपानी शब्द, मूळचा कराटे-ज्युदोच्या तालीमखान्याचा. वाहनउद्योगात नव्या कामगाराला लाइनवर सोडण्याआधी ज्या खोलीत तयार करतात तिला दोजो म्हणतात. काही दिवस सुरक्षेचे नियम, ५-एस, भागांची ओळख, चांगला आणि खराब भाग समोरासमोर ठेवून दोष ओळखणं, मोजमापाची साधनं, मग परीक्षा. पास झाला तर लाइनवर, तिथेही काही दिवस कुणाच्या तरी देखरेखीखाली. भिंतीवर स्किल मॅट्रिक्सचा तक्ता असतो. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे प्रत्येक कामाचं एक वर्तुळ, त्याचे चार भाग. काम शिकतोय तर एक भाग काळा, दुसऱ्याला शिकवू शकतो तर चारही काळे. तो तक्ता मी बाईंना कागदावर काढून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, हे तर आमचं प्रगतिपत्रक."

जाहिरातीत मागितलं होतं: शिकणाऱ्यांची गरज ओळखून सत्रं आखणं, मराठी-हिंदीतून शिकवणं, मूलभूत गणित आणि मोजमाप, परीक्षा तयार करणं, नोंदी ठेवणं. अनुभव दोन ते पाच वर्षं, डिप्लोमा किंवा विज्ञान पदवी. यातलं बाई काय करत नव्हत्या? पण त्यांचा रेझ्युमे वाचून हे कुणाला कळलं नसतं, कारण त्यात त्यांची कर्तव्यं लिहिली होती. काय घडलं ते लिहिलंच नव्हतं.

म्हणून मी त्यांना लिहायला लावलं नाही, बोलायला लावलं, आणि तेही मराठीत. शिक्षक इंग्रजीत रेझ्युमे लिहायला बसला की हात आपोआप ठरलेल्या वाक्यांकडे जातो. शेजारच्या वर्कशॉपवाल्याला सांगतो तसं मराठीत सांगायला लागलं की खरी गोष्ट बाहेर येते. इंग्रजी करणं हे त्यानंतरचं अर्ध्या तासाचं काम. खाली त्या रेझ्युमेतल्या ज्या ओळी देतोय त्या प्रत्यक्षात इंग्रजीतच लिहिल्या, इथे त्यांचा मजकूर मराठीत आहे.

"गणित शिकवले म्हणजे काय केलंत? एक वर्ग, एक वर्ष, एक अडचण सांगा."

बाईंनी नववीचा एक वर्ग सांगितला. विज्ञानाची उदाहरणं मुलांना सुटत नव्हती. सूत्र पाठ, किंमती बरोबर घातलेल्या, उत्तर चुकीचं. जूनमध्ये त्यांनी बारा प्रश्नांची निदान चाचणी घेतली. त्यातला एक प्रश्न होता: ०.२, ०.१५ आणि ०.१२५ चढत्या क्रमाने लिहा. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी ०.२ सगळ्यात लहान आणि ०.१२५ सगळ्यात मोठी संख्या लिहिली. दोन, पंधरा, एकशे पंचवीस! दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे ती साध्या पूर्ण संख्येसारखे वाचत होती. विज्ञान कच्चं नव्हतंच, पाचवी-सहावीतला दशांश निसटला होता. बाईंनी सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, परिपाठाआधी वीस मिनिटं त्या मुलांना बसवलं. मीटरपट्टी आणि आलेखाचा कागद, एवढंच साहित्य. ऑगस्टमध्ये पुन्हा चाचणी. पहिल्या वेळी ४८ पैकी १९ जण ४० टक्क्यांच्या खाली होते, दुसऱ्या वेळी ६.

मी विचारलं, "दुसरी चाचणी सोपी काढली नव्हती कशावरून?"

त्या जरा दुखावल्या. "संविधान तक्ता तोच होता, सर."

बाहेरच्या माणसाला हा शब्द माहीत नसतो. प्रश्नपत्रिका काढण्याआधी शिक्षक एक तक्ता करतात: कोणत्या घटकाला किती गुण, ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य यांना किती, सोपे-मध्यम-कठीण प्रश्न किती. त्या तक्त्यावरून दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका निघाल्या तरी त्यांचं वजन सारखं राहतं. बी.एड.ला हा तक्ता सगळे शिकतात आणि पुढे अनेक जण तो कार्बन कॉपीसारखा उतरवून काढतात. पण कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये नेमकी याच गोष्टीची बोंब असते. ट्रेनिंगआधी एक चाचणी, नंतर एक चाचणी, आणि दोन्ही चाचण्यांत तेच दहा प्रश्न. कामगार उत्तरं पाठ करतो, गुण वाढतात, अहवालात आलेख वर जातो. सारख्या वजनाच्या दोन वेगळ्या चाचण्या काढता येणारा माणूस माझ्या खात्यात फार थोड्या वेळा आला.

आता या गोष्टीची कारखान्याशी गाठ बघा. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं: २५.०० अधिक-उणे ०.०५ मिलिमीटर. म्हणजे २४.९५ पासून २५.०५ पर्यंतचा भाग चालेल. नवा कामगार २५.१ मोजतो आणि भाग पास करतो. त्याच्या डोक्यात एक हा आकडा पाचापेक्षा लहान आहे, मग भाग मापात का नाही? ही चूक मी दोजोत इतक्या वेळा पाहिली आहे की नववीची ती मुलं मला ओळखीची वाटली. आणि बाईंना याचा पत्ताच नव्हता की परिपाठाआधीची ती वीस मिनिटं हा एका कारखान्याच्या दुखण्यावरचा इलाज आहे.

ती ओळ अशी झाली: "निदान चाचणीतून ४८ विद्यार्थ्यांच्या चुकांचं मूळ दशांश संकल्पनेत असल्याचं शोधलं, सहा आठवड्यांचा उपक्रम आखून राबवला, समान आराखड्याच्या फेरचाचणीत ४० टक्क्यांखालील विद्यार्थी १९ वरून ६ वर आले." यात कॉर्पोरेट शब्द जवळपास नाहीत. ट्रेनिंगवाला माणूस वाचताना स्वतःच मनात म्हणतो, हे नीड अ‍ॅनालिसिस, हे डिझाइन, हे इव्हॅल्युएशन. जाहिरातीत 'ट्रेनिंग नीड अ‍ॅनालिसिस' हे शब्द होते म्हणून ओळीच्या सुरुवातीला आम्ही ते घातले, कारण मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या पोर्टलवर आधी सॉफ्टवेअर असे शब्द शोधतं. जे खरोखर केलं त्याला जाहिरातीतला शब्द लावायला काहीच हरकत नाही. मात्र आधी शब्द घेऊन मग त्यात बसणारं काम आठवायला लागलात, तर काही तरी चुकतंय असं समजावं.

एक गोष्ट मात्र काढून टाकली. बाईंच्या पहिल्या मसुद्यात ठळक अक्षरांत होतं: दहावीचा निकाल शंभर टक्के. शिक्षकाच्या मनात या ओळीचं मोल मोठं, आणि ते मी समजू शकतो. पण शाळेबाहेरचा माणूस ती वाचून पुढे जातो. निकाल पाच-सहा शिक्षकांचा, शिकवण्यांचा, घरांचा मिळून असतो. नववीत किती मुलं गळली हेही त्याला माहीत असतं. त्यात तुमचा हात किती, हे त्या आकड्यातून दिसत नाही. एका वर्गातले १९ आणि ६ दिसायला लहान आहेत, पण ते बाईंचे स्वतःचे आहेत आणि नोंदवहीत आहेत.

यानंतर मी तो प्रश्न विचारला जो प्रत्येक शिक्षकाला विचारायचो. "मोठ्या माणसांना कधी शिकवलंय?"

"नाही हो. आम्ही मुलांनाच शिकवतो."

आतून पत्नीचा आवाज आला, "अगं, आम्हाला मीटवर शिकवायला कोण लागायचं?"

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून वर्ग मोबाइलवर सुरू करा असं ठरलं. स्टाफरूममध्ये बावीस जण. निम्म्याहून जास्त पन्नाशीच्या पुढचे, बऱ्याच जणांकडे लॅपटॉप नाही, काहींचा फोन घरातल्या मुलाच्या ताब्यात. बाईंना थोडंफार येत होतं म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांच्या गळ्यात घातलं. त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना एकत्र मीटवर घ्यायचा प्रयत्न केला आणि तो साफ फसला. कुणाचा आवाज नाही, कुणाचा पंखाच दिसतोय, सगळे एकदम बोलतायत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पद्धत बदलली. कागदावर हाताने पायऱ्या लिहिल्या, फोनच्या पडद्याचे फोटो चिकटवले, एकच पान, मराठीत, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. मग जोड्या लावल्या, एक जमणारा, एक न जमणारा. प्रत्येक जोडीने एकमेकांचा खोटा वर्ग घ्यायचा, दहा मिनिटं. बाई आळीपाळीने प्रत्येक खोट्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलासारख्या बसायच्या आणि मुद्दाम माइक चालू ठेवायच्या, म्हणजे तो बंद कसा करायचा हे समोरच्याला शोधावं लागे. तीन आठवड्यांनी बावीसपैकी एकोणीस जण कुणाच्या मदतीशिवाय वर्ग घेत होते.

मी चहाचा कप खाली ठेवला. "हे रेझ्युमेत का नाही?"

"ते काय शिकवणं झालं? ते तर आपल्यातलेच."

मोठ्या माणसांना शिकवणं वेगळं का, हे ट्रेनिंगच्या धंद्यातल्या माणसाला पक्कं माहीत असतं. मूल वर्गात बसतं कारण बसायचं असतं. मोठा माणूस मनात विचारत असतो, याचा मला काय उपयोग, आणि माझं अज्ञान चारचौघांत उघडं तर पडणार नाही ना. अमेरिकेतल्या माल्कम नोल्सने प्रौढांच्या शिकण्यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली, त्यातला गाभा साधारण हाच. बाईंनी नोल्स वाचला नव्हता, पण एकत्र सत्र मोडून जोड्या लावल्या तेव्हा त्यांनी पंचावन्न वर्षांच्या सहकाऱ्याची लाज वाचवली होती.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये ट्रेनर लोकांच्या एका मासिकात ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या. आजही या धंद्यात सगळे त्याच भाषेत बोलतात. पहिली पायरी: शिकणाऱ्याला सत्र आवडलं का. दुसरी: तो काही शिकला का. तिसरी: कामावर परत गेल्यावर त्याचं वागणं बदललं का. चौथी: त्याने संस्थेचा काही फायदा झाला का. कारखान्यात चौथी पायरी म्हणजे रिजेक्शन कमी झालं का, अपघात कमी झाले का. बहुतेक ट्रेनिंग पहिल्या पायरीवरच बसून राहतं: सत्र संपलं, फॉर्म भरला, पाचपैकी साडेचार गुण. शिक्षकाचं नेहमीचं काम दुसऱ्या पायरीवरचं, म्हणजे परीक्षा. पण "बावीसपैकी एकोणीस जण मदतीशिवाय वर्ग घेऊ लागले" हा तिसऱ्या पायरीचा पुरावा आहे, आणि तो अनुभवी ट्रेनरच्या रेझ्युमेतही क्वचित दिसतो.

ही ओळ अनुभवाच्या सगळ्यात वर गेली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांकडे तर याहून थेट माल असतो. तालुक्याच्या प्रशिक्षणात ज्यांनी सुलभक म्हणून इतर शिक्षकांना शिकवलं, निवडणुकीत मतदान कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात मास्टर ट्रेनर म्हणून काम केलं, त्यांनी मोठ्या माणसांच्या भरलेल्या हॉलपुढे, ठरलेल्या वेळेत, चूक चालणार नाही असा विषय शिकवलेला असतो. आणि ते रेझ्युमेत लिहितात: 'निवडणूक कर्तव्य बजावले.' बाईंनीही दोनदा मतदान केंद्रावर काम केलं होतं. भाच्याच्या मसुद्यात त्याचं 'ईव्हीएम ट्रेनिंग' झालं होतं. मी विचारलं, दिलं की घेतलं? घेतलं. मग ते खोडलं.

असंच आणखी एक खोडावं लागलं, किंवा खरं तर परत लिहावं लागलं. भाच्याने पदाचं नाव बदलून 'लर्निंग फॅसिलिटेटर' केलं होतं. तसं करू नये. कंपनी नोकरी देण्याआधी जुन्या ठिकाणी चौकशी करते, अनुभवाचा दाखला मागते, आणि दाखल्यावर व सेवापुस्तकात लिहिलेलं असतं 'सहायक शिक्षिका'. कागद जुळला नाही की खोटेपणाचा संशय येतो, मग बाकीच्या खऱ्या ओळीही संशयात. पण भाच्याला ते नाव का खुपलं तेही मला कळलं. इंग्रजीत 'असिस्टंट टीचर' वाचलं की मुंबई-पुण्याबाहेरून आलेल्या एचआरच्या मुलीला वाटतं, ही कुणा मोठ्या शिक्षिकेची मदतनीस, खडू-डस्टर देणारी. महाराष्ट्रात सहायक शिक्षक हे पूर्ण शिक्षकाचंच पद आहे, हे तिला कोण सांगणार? म्हणून पदाचं नाव जसंच्या तसं ठेवून लगेच पुढे लिहिलं: "गणित व विज्ञान, इयत्ता आठवी ते दहावी, स्वतंत्र जबाबदारी, वर्षाला सुमारे २०० विद्यार्थी." एवढ्याने गैरसमज मिटतो.

बाकीच्या ओळी झपाट्याने निकालात निघाल्या. पालक सभेची एक ओळ उरली, तीही साधी. स्नेहसंमेलन गेलं, ट्रेनिंग कोऑर्डिनेटरच्या जागेसाठी अर्ज असता तर मी ते ठेवलं असतं, कारण दोनशे मुलं, पन्नास पालक आणि एक माइकवाला वेळेत एका जागी आणणं हेच त्या माणसाचं रोजचं काम असतं. परीक्षा विभागाची ओळ उलट वाढली, संविधान तक्त्यामुळे. दहावी-बारावीचे टक्के, छंद, वैवाहिक स्थिती, प्रतिज्ञापत्र गेलं. बी.एड. राहिलं आणि वर गेलं. दोन रकान्यांचा रंगीत साचा भाच्याने इंटरनेटवरून घेतला होता, तोही टाकला. सॉफ्टवेअर तो आडवा वाचतं आणि डावीकडचा फोन नंबर उजवीकडच्या शिक्षणात घुसतो. एका रकान्यात, साध्या अक्षरांत, सव्वा पान. सुरुवातीच्या आव्हानात्मक वातावरणाच्या जागी तीन ओळी: अकरा वर्षं गणित-विज्ञान शिकवण्याचा अनुभव, निदान चाचणी, सत्रांची आखणी आणि मूल्यमापन, सहकारी शिक्षकांना डिजिटल साधनांचं प्रशिक्षण, मराठी, हिंदी, इंग्रजी.

मग जे नव्हतं त्याचा प्रश्न आला. बाईंनी कारखाना आतून पाहिला नव्हता. रिजेक्शन, सायकल टाइम, ५-एस हे शब्द त्यांनी त्याच दिवशी ऐकले. चौथ्या पायरीचा, म्हणजे संस्थेच्या नफ्या-तोट्याचा कोणताही आकडा त्यांच्याकडे नव्हता, आणि शाळेत तो असतही नाही. अशा वेळी 'शाळेचा प्रवेश वाढवला' वगैरे ओढून ताणून लिहिण्याचा मोह होतो. आम्ही ती जागा रिकामी ठेवली. त्याऐवजी बाईंनी एक केलं. कॉलेजात हाताळलेला व्हर्नियर कॅलिपर ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन आठवडे मागून घेतला. कॉलेजातला व्हर्नियर ०.१ मिलिमीटरपर्यंत मोजायचा. कारखान्यात सर्रास दिसणारा ०.०२ पर्यंत मोजतो, त्याच्या सरकत्या पट्टीवर पन्नास भाग असतात. त्या घरातली सगळी भांडी मोजत सुटल्या. तेव्हा रेझ्युमेत खाली एक ओळ खऱ्या अर्थाने लिहिता आली: "व्हर्नियर कॅलिपरने मोजमाप."

बोलावणं आलं, आणि सोबत पंधरा मिनिटांचं डेमो सत्र द्या असा निरोप. शिक्षकांची गाडी इथेच घसरते. मी डेमो घेणाऱ्यांच्या बाजूला बसून पाहिलंय: छान रेझ्युमे असलेला माणूस पाच मोठ्या माणसांपुढे उभा राहतो आणि बारा मिनिटं एकटाच बोलतो. मध्ये "समजलं का?" विचारतो, सगळे "हो" म्हणतात, तो पुढे जातो. उत्तर चुकलं तर "कोण सांगेल बरोबर?" असं म्हणून दुसऱ्याकडे वळतो आणि पहिला माणूस मनातून उठून जातो. बाईंनी घरी आमच्यासमोर तालीम केली तेव्हा पहिल्या चार मिनिटांत सहा वेळा "समजलं का" म्हटलं. मी बोटं मोजत होतो. मग त्यांनी सत्र उलटं केलं: सुरुवातीलाच प्रत्येकाच्या हातात एक नट आणि व्हर्नियर, मोजा आणि कागदावर लिहा, शेजाऱ्याला दाखवू नका. पाच जणांची पाच वेगळी उत्तरं फळ्यावर. मग चर्चा, फरक का आला. बोलणं बहुतेक त्यांचंच, बाईंचं कमी.

मुलाखतीत डेमो ठीक झालं. मग उत्पादन विभागाच्या साहेबांनी रेझ्युमेतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "बावीसपैकी एकोणीस. उरलेल्या तिघांचं काय झालं?"

बाईंनी सांगितलं. दोघांच्या गावी रेंजच नव्हती. त्यांनी गृहपाठाचे कागद गावातल्या दुकानात ठेवायला सुरुवात केली आणि मुलं तिथून नेत. तिसऱ्या सहकारी काही महिन्यांत निवृत्त होणार होत्या, त्यांना ते शिकायचंच नव्हतं. दोन आठवडे बाई त्यांच्या मागे लागल्या, मग त्यांचे वर्ग स्वतः घेऊ लागल्या. "तिथे मी हरले," असं त्या म्हणाल्या. साहेबांनी पुढची दहा मिनिटं फक्त यावरच विचारलं, कारण त्यांच्या लाइनवरही न शिकणारा एक माणूस होता आणि त्याचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं.

शेवटी विचारलं, कधी रुजू व्हाल? अनुदानित शाळेतल्या कायम शिक्षकाला राजीनाम्याआधी तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, किंवा तितका पगार भरावा लागतो. हे आम्ही रेझ्युमेत लिहायला विसरलो होतो. कंपनीला महिन्याभरात माणूस हवा होता. तिने थांबायला नकार दिला.

त्या रात्री बाईंनी शेवटच्या ओळीत नोटीसचा कालावधी घातला, सुरुवातीच्या तीन ओळींत मोजमापाचा उल्लेख वर आणला, आणि सातपूरच्या दुसऱ्या कंपनीला तोच सव्वा पानाचा कागद पाठवला.